दोन उरले तर दॅट

हैदराबादेत हिमायतनगरच्या त्या क्लासात मुलं त्रिवेणीला 'विचवाली मॅडम' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. ज्या शहरात रोज एक नवा क्लास उघडत होता आणि प्रत्येक विजेच्या खांबावर अमेरिकेचा झेंडा चिकटलेला दिसत होता, तिथे स्वतःचं टोपणनाव मिळणं ही लहानसहान गोष्ट नव्हती.

तिचे वडील हिम्मतराव उदगीरकडचे. शेती भावांवर सोडून ते निजामाचं राज्य गेल्यावर काही वर्षांनी हैदराबादला आले, सरकारी कचेरीत चिकटले आणि दिलसुखनगरला घर करून निवृत्त झाले. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी अशा तीन भाषांत वाढलेल्या त्रिवेणीला चौथी, म्हणजे इंग्रजी, सगळ्यांत जवळची वाटली. ती कुणाचीच नव्हती म्हणून असेल. उस्मानियातून तिनं इंग्रजीत एम.ए. केलं, वर्गात दुसरी आली, आणि पुढे शिकायला परदेशी जायचं असं मनाशी धरून बसली. पण त्याच सुमारास सुशीलाबाईंचं, म्हणजे तिच्या आईचं, आजारपण निघालं. ते लांबलं. त्रिवेणी घरात थांबली, आणि थांबलेलं माणूस मग थांबतंच. तिच्याहून बरीच धाकटी बहीण प्रणिता तेव्हा शाळेत होती. आपलं जाणं राहिलं ते हिच्या वाट्याला येईल, हे त्रिवेणीनं कुणाला न विचारता ठरवून टाकलं.

क्लास रेड्डी सरांचा. अमेरिकेतल्या मॅनेजमेंट कॉलेजांत शिरायचं तर जी परीक्षा द्यावी लागते तिची तयारी तिथे करून घेत. गणित सर स्वतः शिकवीत, उतारे मेधा शिकवी, आणि वाक्यसुधारणा त्रिवेणीकडे. वाक्यसुधारणा म्हणजे एक वाक्य द्यायचं, खाली त्याची पाच रूपं द्यायची, आणि त्यांतलं निर्दोष कोणतं ते ओळखायचं. मुलांची तिथेच दाणादाण उडे. इंजिनिअर झालेली हुशार पोरं, पण दॅट आणि विच समोर आले की चेहरे पडत. त्यांनी शाळेत शिकलेल्या ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत विच कुठेही चाले, सकाळच्या वर्तमानपत्रातही चाले. परीक्षा मात्र अमेरिकन. तिला ते चालत नसे.

त्रिवेणी फळ्यावर दोन वाक्यं लिहून सुरुवात करी. *The wells that dried up were filled in.* आणि *The wells, which dried up, were filled in.* पहिल्यात ज्या विहिरी आटल्या तेवढ्याच बुजवल्या. बाकीच्या विहिरी भरल्या आहेत, लोक पाणी पितायत. दुसऱ्यात सगळ्या आटल्या आणि सगळ्या बुजवल्या. 'आटल्या' ही नुसती जाता जाता दिलेली माहिती, काढून टाकली तरी कोणत्या विहिरी ते कळतंच. पहिल्यात दॅट निवड करतो, अनेकांतून काही वेगळे काढतो, म्हणून त्याला स्वल्पविराम नको. दुसऱ्यात विच नुसती भर घालतो, म्हणून त्याच्या मागे-पुढे स्वल्पविरामांची जोडी हवी. गावाला पाणी उरलं की नाही हे दोन स्वल्पविरामांवर ठरतं, असं ती म्हणे, आणि वर्ग शांत होई.

असं पहिली दोन-तीन वर्षं. मग परीक्षा कागदावरून संगणकावर गेली आणि सगळं घाईचं झालं. मुलं म्हणायला लागली, मॅडम, वाचत बसायला वेळ कुठे आहे, ट्रिक सांगा. रेड्डी सरही तेच म्हणाले. त्रिवेणीनं ट्रिक बसवली. मूळ वाक्य वाचायचंच नाही. पाचही पर्याय वरून खाली उभे वाचायचे, फक्त दॅट, विच आणि स्वल्पविराम पाहत. विचला स्वल्पविराम नसला तर खोडा. दॅटच्या आधी स्वल्पविराम असला तर खोडा. जोडीतला एकच स्वल्पविराम असला तरी खोडा. बहुतेक वेळा दोन उरतात: एक बिनस्वल्पविरामाचा दॅट, एक जोडीनं बांधलेला विच. दोन उरले की अर्थ पाहायचा, हे ती आधी सांगे. पण अर्थ पाहायचा म्हणजे पुन्हा वाक्य वाचणं आलं. कधीतरी घाईत ती म्हणाली, "दोन उरले तर दॅट लावा," आणि सराव परीक्षेत ते बरोबर आलं. पुढच्या परीक्षेतही आलं. मग ते तसंच रुळलं, आणि तशाच आणखी पाच-सात गोष्टी, सर्वनामांच्या, क्रियापदांच्या, उभ्या वाचूनच सोडवायच्या.

सराव परीक्षांचे प्रश्न त्रिवेणी स्वतः काढी. त्यात तिचा हातखंडा होता. सकाळी चहाबरोबर पेपर उघडायचा, एक चांगलंसं वाक्य शोधायचं, ते दॅट घालून नीटनेटकं करायचं, आणि मग त्याला चार प्रकारांनी बिघडवायचं. हे ती इतक्या सहज करी की सुशीलाबाई म्हणत, पोरगी कैऱ्या चिरल्यासारखी वाक्यं चिरते.

सरावातले मुलांचे गुण चढायला लागले. दर महिन्याला थोडे, दर बॅचला थोडे. रेड्डी सरांनी बाहेरच्या फलकावर आलेख काढून लावला. त्यात कुठे खाच नाही, खळगा नाही. कुठलीही गोष्ट इतकी सरळ वर जायला लागली की शहाण्या माणसानं जरा जपून राहावं, पण आपल्याच कौतुकाचा आलेख कुणाला खुपतो? एक मेधा तेवढी त्याच्यासमोर उभी राहून डोकं खाजवी. मेधा पुण्याची, नवरा संगणकाच्या कंपनीत, स्वभाव फटकळ. ती एकदा चहा पिताना म्हणाली की तुझी मुलं फार लवकर संपवतात, मला ते आवडत नाही. त्रिवेणीनं हसून सोडून दिलं. पुणेकरांना काय आवडतं, असं ती घरी येऊन म्हणाली.

त्या वर्षी प्रणिताची बँकेत अधिकारी म्हणून निवड झाली. सरकारी बँक, हिम्मतरावांना स्वर्ग दोन बोटं उरला. आणि प्रणिता म्हणाली की मी रुजू होणार नाही, मी परीक्षा देऊन अमेरिकेला जाणार. घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. हिम्मतराव त्रिवेणीलाच बोलले, कारण हे खूळ तिचंच हे त्यांना पक्कं माहीत होतं. जग बदललंय, आता सरकारी खुर्चीला चिकटून राहायचे दिवस गेले, असं काहीबाही त्रिवेणी सांगत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "अप्पा, हिची जबाबदारी माझी." बँकेनं दिलेली मुदत टळली आणि ती जागा गेली. आता प्रणिताकडे परीक्षेखेरीज काही नव्हतं.

प्रणिताला शिकवताना त्रिवेणीनं जीव ओतला. क्लासात ती सगळ्यांबरोबर बसे, घरी आल्यावर वेगळी. तिची उभी नजर एवढी तयार झाली की त्रिवेणी पान पुढे सरकवायची खोटी, उत्तर आलेलं असे. सराव परीक्षांत क्लासात कुणालाच कधी पडले नव्हते एवढे गुण तिला पडायला लागले. रेड्डी सरांनी तिचं नाव फलकावर सगळ्यांत वर लिहिलं. त्रिवेणीला इतका आनंद झाला की तिला त्याची थोडी भीतीही वाटली. ती भीती कशाची हे तिला सांगता आलं नसतं.

परीक्षेला आठवडा राहिला. या क्लासचा एक रिवाज होता: शेवटच्या आठवड्यात नवं काही शिकवायचं नाही, जुनं काही बदलायचं नाही. मुलाचा हात बसलाय तसा बसू द्यायचा. हा रिवाज त्रिवेणीनंच पाडला होता आणि तो मोडला म्हणून मेधाला एकदा सगळ्यांसमोर बोललीही होती.

आता याच आठवड्यात मेधानं परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे जुने खरे प्रश्न अमेरिकेतल्या बहिणीकडून मागवले होते. ती ते शिक्षकांच्या खोलीत त्रिवेणीपुढे ठेवून म्हणाली, "यांतले चार-पाच तुझ्या वरच्या मुलांना घाल. एकदा बघ तर खरं." म्हणण्यात टोचणी होती. त्रिवेणीनं इरेला पेटून पानं घरी नेली आणि प्रणितापुढे ठेवली.

पहिल्याच प्रश्नात एका गावातल्या विहिरीची गोष्ट होती. त्रिवेणीला गंमत वाटली. निर्दोष वाक्य असं होतं: *The village's only well, which dried up in May, has been filled in, leaving the villagers without a well.* प्रणितानं पान पाहिलं न पाहिलं तोच पेन टेकवलं, आणि ते दॅटवर टेकवलं.

त्रिवेणी म्हणाली, पुन्हा बघ. प्रणितानं पुन्हा उभी नजर फिरवली. विचला स्वल्पविराम नाही, खोडलं. दॅटला आहे, खोडलं. जोडीतला एक गेला, खोडलं. दोन उरले. दॅट. तिनं कौतुकाच्या अपेक्षेनं वर पाहिलं.

"गावात विहिरी किती आहेत?" त्रिवेणीनं विचारलं.

"कुठल्या गावात?" प्रणिता म्हणाली.

तिनं वाक्य वाचलंच नव्हतं. गावाला एकच विहीर. मग दॅट निवडणार कोणातून? दॅट घातला की अर्थ होतो, मे महिन्यात आटलेली तेवढी एकच, बाकीच्या आहेत. आणि वाक्याच्या शेवटी तर गावाला विहीरच उरली नाही. दॅटचं वाक्य स्वतःच्याच पोटात लाथ मारत होतं. पुढचे प्रश्नही तसेच निघाले. दरवेळी चाळणीतून दोन उरत, आणि दोघांतला कोणता हे फक्त वाचल्यावर कळे. कधी दॅट, कधी विच. प्रणिता दरवेळी दॅट.

"पण ताई, तुझ्या पेपरात तर नेहमी दॅटच असतं," ती निरागसपणे म्हणाली. "मी तर मागे मागे स्वल्पविरामसुद्धा बघायचं सोडलं होतं. तुझं बरोबर उत्तर लगेच ओळखू येतं. ते सगळ्यांत सरळ असतं, बाकीची मोडलेली दिसतात."

त्रिवेणीला आपली सकाळची चहाची वेळ दिसली. आधी दॅट घालून नीटनेटकं वाक्य, मग त्याची मोडतोड. इतकी वर्षं तिनं कधी विचचं वाक्य आधी करून ते मोडलंच नव्हतं. मुलं इंग्रजी शिकली नव्हती, परीक्षा शिकली नव्हती. ती त्रिवेणीचा हात शिकली होती, आणि फलकावरचा तो गुळगुळीत आलेख त्या हाताचा होता. जी मुलं आधीच परीक्षा देऊन आली होती त्यांना सरावापेक्षा कमीच गुण पडले होते. पण ती म्हणत, मॅडम, टेन्शन आलं, आणि त्रिवेणी म्हणे, होतं तसं. तिनं ते विचारलंच नव्हतं पुढे. आणि सगळ्यांत जास्त तो हात कोण शिकलं होतं? जिला तिनं जीव लावून शिकवलं ती.

दुसऱ्या दिवशी तिनं रेड्डी सरांना सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते. ते दखनीत म्हणाले, "मॅडम, आखरी हफ्ता है. अब बच्चों को नक्को हिलाओ. हिले तो गिरेंगे." पुढच्या बॅचला सगळं बदलू, असंही ते म्हणाले. हे बोलणं त्रिवेणीचंच होतं, सर तिलाच परत देत होते.

तरीही संध्याकाळी तिनं प्रणिताला जवळ घेऊन सगळं सांगितलं. घाबरवायचं नाही म्हणून हसत हसत सांगितलं. उभं वाचायचं ते वाच, पण दोन उरले की थांब, वाक्याच्या तोंडाशी जा, आणि एवढंच विचार: हे अनेकांतलं एक आहे की एकटंच आहे? कोणतं ते आधीच कळलंय की अजून कळायचंय? प्रणिताला ते समजलं. हुशारच होती. मग ती सोडवायला बसली आणि तिचं सगळं विस्कटलं. दोन उरले की ती थांबे, वाक्य वाचे, पुन्हा वाचे, आणि पूर्वी आपोआप खोडलेलं सुद्धा तिला आता बरोबर वाटायला लागे. घड्याळ पुढे पळे. जेवणाआधी तिला अर्धेही सोडवून झाले नव्हते, आणि झालेल्यांत निम्मे चुकले होते. तिचे हात गार पडले.

"आता नेमकं काय करू ते सांग," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं करते. तसं करू की असं करू?"

त्रिवेणीनं तिच्याकडे पाहिलं. परीक्षा पुढे ढकलली तर कॉलेजांच्या मुदती हुकत होत्या, वर्ष जात होतं, आणि हिम्मतराव शेजारच्या खोलीत बातम्यांचा आवाज मुद्दाम कमी करून बसले होते. खरी गोष्ट सांगायची तर त्रिवेणीला आत्ताचा तो गार हात पाहवेना. पुढचं पुढे.

"तसंच कर," ती म्हणाली. "जसं करत होतीस तसंच."

प्रणिताच्या चेहऱ्यावर रंग आला. ती त्या रात्री गाढ झोपली. त्रिवेणीनं मात्र आपण काय बोललो ते वारंवार आठवून पाहिलं, आणि दरवेळी तिला ते आधीपेक्षा वाईट वाटलं.

परीक्षेचं ठिकाण बेगमपेटला एका काचेच्या इमारतीत होतं. खाली पहारेकरी, वर जायला उमेदवारांखेरीज कुणाला मुभा नाही. प्रणिता दह्याची कवडी खाऊन, पाया पडून, उत्साहात वर गेली. त्रिवेणी समोरच्या पदपथावर उभी राहिली. वाहनांचा धूर आणि ऊन अंगावर घेत ती मनात प्रश्न मोजत होती. संगणकावरची ही परीक्षा मोठी चमत्कारिक. उत्तर बरोबर आलं की यंत्र पुढचा प्रश्न अवघड देतं, चुकलं की सोपा देतं. मागे जाता येत नाही. कुणी रागावत नाही, कुणी लाल रेघ मारत नाही. यंत्र माणसाला फक्त हळूहळू खालच्या पायरीवर नेऊन सोडतं, आणि चांगल्या माणसाला ती पायरी आरामाची वाटते. हे तिनं वर्गात शंभर वेळा सांगितलं होतं. कितीजणांनी ऐकलं होतं कोण जाणे.

दुपार कलली तशी प्रणिता दारातून बाहेर आली. दुरूनच तिनं हात हलवला. त्रिवेणी रस्ता ओलांडून धावली.

"गणित ठीक गेलं," प्रणिता म्हणाली. "इंग्रजीची सुरुवात कठीण होती हं ताई. पण मी तुझं ऐकलं. उभं वाचलं, दोन उरले की दॅट. आणि मग काय, सोपं होत गेलं. पुढे पुढे तर इतकं सोपं, अगदी शाळेतल्यासारखं. वेळ उरला माझ्याकडे."

त्रिवेणीच्या कानांत रस्त्याचा आवाज बंद झाला. विचारायचं काही उरलं नव्हतं.

प्रणितानं हातातला कागद पुढे केला. तो यंत्रानं तिथल्या तिथे छापून दिला होता. गणिताचा आकडा चांगला होता. इंग्रजीचा आकडा पाहून त्रिवेणीनं डोळे मिटले. त्यावर एकाही कॉलेजानं दार उघडलं नसतं.

"हे बघून मलाही धक्का बसला," प्रणिता म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, नुसतं कोडं होतं. "एवढे सोपे प्रश्न, सगळे पटापट सुटले, आणि गुण एवढेच? त्यांचं यंत्र बिघडलेलं असणार ना गं ताई? आपण तक्रार करू. तू लिहून दे, तुझं इंग्रजी चांगलं आहे."

बहीण यंत्रावर संशय घेत होती, त्रिवेणीवर नाही. आरडाओरडा केला असता, दोष दिला असता, तर तिला उभं राहता आलं असतं. तिनं कसंबसं सांगितलं, "यंत्र बरोबर आहे, प्रणिता. चुकलीस की ते सोपं देतं. मी चुकीचं शिकवलं तुला. आणि परवा कळलं तरी तसंच कर म्हणाले."

प्रणिता थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली. सिग्नल सुटला, बस गेली, दुसरी आली. तिला हळूहळू कळत होतं, ते त्रिवेणीला तिच्या मानेवरून दिसत होतं. मग प्रणितानं कागदाची घडी घातली आणि बहिणीच्या दंडाला धरलं, एखाद्या थकलेल्या माणसाला धरावं तसं.

"अप्पांना आज नको सांगायला," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी मी दुसरीकडे कुठे जाणार नाही. मला तुझ्याशिवाय कुणाचं शिकवलेलं समजत नाही. तूच शिकव."

त्रिवेणीला तिच्या हातातून दंड सोडवून घ्यावासा वाटला, आणि घेता येईना. दोघी दिलसुखनगरच्या बसची वाट पाहत तशाच उभ्या राहिल्या.